पाच छेद बारा

धुळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस खिडकीवर मी नऊ वर्षं बसते. पेशंट घरी निघाला की फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी स्कॅन करून विमा कंपनीला पाठवायची, त्यांचा मंजुरीचा मेल आला की गेटपास द्यायचा, हे माझं रोजचं काम. जानेवारी २०२५ मधली ती संक्रांतीनंतरची संध्याकाळ मात्र मी विसरत नाही, कारण त्या दिवशी चुकीचा कागद माझ्याच हातून गेला होता.

पेशंट अमळनेर तालुक्यातले कापूस पिकवणारे शेतकरी, वय अठ्ठावन्न. पहाटे छातीत कळ आली, गावातल्या गाडीतून धुळ्याला आणलं, दोन स्टेंट पडले. सुरुवातीला कंपनीने एक लाख मंजूर केले होते. चार दिवसांनी बिल झालं दोन लाख एकतीस हजार. मी समरी जोडून पाठवली आणि सव्वासहाला उलट मेल आला. समरीत लिहिलं होतं, 'पाच वर्षांपासून मधुमेह'. पॉलिसी ऑगस्ट २०२२ ची, म्हणजे अडीच वर्षंही पुरी नाहीत. जुन्या आजारासाठी या पॉलिसीत तीन वर्षं थांबायची अट आहे, आणि मधुमेहाचा हृदयविकाराशी थेट संबंध लावला जातो. शिवाय पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मवर मधुमेहापुढे 'नाही' लिहिलेलं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : मधुमेह कधी निघाला त्याचे पहिल्या तपासणीचे कागद सकाळी दहापर्यंत द्या, नाहीतर कॅशलेस रद्द. दिलेले एक लाखही परत घेणार.

त्यांची मुलगी खिडकीशी उभी होती. अमळनेरच्या एका पतपेढीत कामाला, पंचविशीची. तिने मेल दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, पाच वर्षं नाही. आबांची शुगर आत्ता श्रावणात निघाली."

मी म्हटलं, "मग समरीत पाच वर्षं कुठून आलं?"

त्याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

तिचे मामा सोबत होते. माणूस चांगला, पण घाबरलेला. ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांना सांगून नवीन समरी काढा ना. पाच वर्षांच्या जागी पाच महिने टाका, झालं काम." हा सल्ला मी आठवड्यातून दोनदा ऐकते. पहिली समरी कंपनीकडे पोहोचलेली असते. तारीख तीच, सही तीच आणि आजाराची वर्षं वेगळी असा दुसरा कागद गेला, की कंपनी त्याला खाडाखोड समजते. मग मधुमेहाचा मुद्दा मागे पडतो आणि फसवणुकीचा पुढे येतो. डॉक्टरांनी आज नुसतं 'नव्यानेच निघालेला मधुमेह' असं पत्र दिलं, तरी त्याला फारसं वजन नाही, कारण ते क्लेम अडकल्यावर लिहिलेलं असतं. वजन असतं ते क्लेमचा विचारही कुणाच्या मनात नव्हता तेव्हा लिहिलेल्या कागदाला. असा कागद शोधायचा होता.

मुलीने भावाला फोन लावला. रात्री नऊच्या सुमारास तो मोटारसायकलवर आला. हँडलला युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी. घरात जेवढे कागद होते तेवढे त्याने आत कोंबून आणले होते. कॅशलेस मिळालं नाही तरी नंतर पैसे भरून तोच क्लेम परतफेडीसाठी लावता येतो, हे मी तिला सांगितलं होतं. तिने विचारलं, "पण ताई, सकाळी एक लाख एकतीस हजार कुठून आणू, आणि ते लाख परत घेतले तर?" घरात कापूस पडून होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ७,५२१ रुपये क्विंटल होता, पण तिथे नंबर लागून पैसे खात्यात यायला वेळ जातो. रातोरात पैसा हवा तर गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावाने द्यायचा. म्हणजे क्लेमबरोबर वर्षाचा कापूसही जाणार होता.

पेशंटची रात्र खोलीतच काढायची ठरली. मी घरी फोन केला आणि थांबले.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर लांब बाकडं आहे. तिथे तिने पिशवी पालथी केली. सातबाराचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या, माती परीक्षणाचा कागद, खताची बिलं, भावाची मार्कशीट, त्यात मिसळलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. पतपेढीतली सवय कामी आली. आधी तिने शेतीचे कागद बाजूला काढले, मग दवाखान्याचे वर्षांप्रमाणे, मग प्रत्येक वर्षाचे तारखेने. जिथे तारीख नव्हती ते कागद उलटे ठेवले. आमच्या कँटीनमधल्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या वजनाला. मी अनेक नातेवाईक पाहिले आहेत जे हवा तो कागद शोधत ढीग उपसतात आणि तोच कागद दोनदा हातातून निसटतो. ही मुलगी काहीच शोधत नव्हती. ती आधी नुसतं लावत होती.

साडेअकराच्या सुमारास ढिगाला आकार आला. २०२४ च्या ऑगस्टआधी मधुमेहाच्या गोळीची एकही चिठ्ठी नाही, मेडिकलचं एकही बिल नाही. ९ ऑगस्ट २०२४ ची चिठ्ठी मात्र होती, अमळनेरच्या डॉक्टरांची. जेवणानंतरची साखर २४३, पुढे मेटफॉर्मिन पाचशेची गोळी सुरू. तिला वाटलं जिंकलो. मला सांगावं लागलं की आधीची चिठ्ठी सापडत नाही याचा अर्थ आधी आजार नव्हता असा होत नाही. कंपनी म्हणेल, जुने कागद तुम्ही दिलेच नाहीत. पॉलिसीच्या आधी साखर तपासली होती आणि ती ठीक होती, असा कागद पाहिजे.

तो कागद २०२१ च्या गठ्ठ्यात होता. नोव्हेंबरमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या तपासण्या. त्यांच्या मागे जोडलेला ईसीजी थर्मल कागदाचा, पूर्ण उडून पांढरा झालेला. पण लॅबचा रिपोर्ट साध्या कागदावर छापलेला, चारही घड्यांवर फाटलेला, खाली शिक्का. उपाशीपोटी साखर ९१.

तिने तो कागद धरला आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, हा दिला तर ते म्हणतील ऑपरेशन लपवलं."

प्रश्न अगदी बरोबर होता. अशा वेळी लोक एक गोष्ट सिद्ध करायला दिलेल्या कागदाने दुसरीत अडकतात. मी म्हटलं, पॉलिसीच्या पुस्तकात शेवटी तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रत असते, ती बघ. पिशवीच्या तळाशी पॉलिसी होती, प्लास्टिकसकट. मागच्या पानांत एजंटच्या अक्षरात एक ओळ : '२०२१ हर्निया ऑपरेशन, आता त्रास नाही.' तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तरी मूळ प्रश्न उरलाच होता. आमच्याच समरीत पाच वर्षं का? आमच्या कागदावर तेच राहिलं तर बाहेरचे कागद त्याच्याशी भांडत राहणार. मी वॉर्डातून केसपेपरची फाईल मागितली. पेशंटला आपल्या उपचाराच्या नोंदी मागायचा हक्क आहे, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मागणीपासून ७२ तासांत त्या द्याव्यात असं आहे. पण रात्री कोण एवढं थांबणार? मुलीने साध्या कागदावर अर्ज लिहिला, ड्युटी डॉक्टरांनी त्यावर सही केली आणि झेरॉक्स निघाल्या.

पहिलंच पान इमर्जन्सीमधलं, पहाटे पाच वीसचं. घाईत लिहिलेलं, तिरपं. त्यात मधुमेहापुढे गुणिलेचं चिन्ह आणि '५/१२'.

"हे सातबारासारखं काय लिहिलंय?" ती म्हणाली. मग स्वतःच, "पाच डिसेंबर?"

मलाही सांगता आलं नाही. नऊ वर्षं मी छापलेली समरीच वाचते, हाताने लिहिलेलं पान कधी उघडलंच नव्हतं. रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टर औषधं देऊन परत येत होत्या. त्यांनी चालता चालता पाहिलं आणि थांबल्या. "अगं, पाच महिने. बारा म्हणजे वर्षाचे बारा महिने, त्यातले पाच. खाली सात असेल तर दिवस, बावन्न असेल तर आठवडे. जुने डॉक्टर असंच लिहितात."

९ ऑगस्ट ते ११ जानेवारी. बरोबर पाच महिने.

चूक कुठे झाली ते मग डोळ्यांसमोर आलं. समरी टाइप करणाऱ्या मुलाने पाच वाचलं, बारा सोडलं आणि वर्षं जोडली. डॉक्टरांनी बाकीच्या पंधरा समऱ्यांबरोबर सही केली. मी स्कॅन करून पाठवली. तिघांपैकी एकानेही पहिलं पान काढून पाहिलं असतं, तर त्या मुलीला बाकड्यावर रात्र काढावी लागली नसती. मी तिला हे तसंच सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, सकाळचं काय ते बघू."

सकाळी आठला डॉक्टर राउंडला आले. जुनी समरी फाडली नाही, बदललीही नाही. त्यांनी लेटरहेडवर वेगळं दुरुस्तीपत्र दिलं : अमुक तारखेच्या समरीत 'पाच वर्षं' ही टंकलेखनातील चूक, इमर्जन्सीच्या मूळ नोंदीत ५/१२ म्हणजे पाच महिने. खाली त्या दिवशीची तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. त्यामागे मुलीने कागद लावले : इमर्जन्सीचं पान, ऑगस्टची चिठ्ठी, २०२१ चा लॅब रिपोर्ट, फॉर्मवरची हर्नियाची ओळ. पत्र धरून सगळे मिळून पाचच कागद. मामांचा आग्रह होता की सगळा गठ्ठाच पाठवावा. ती म्हणाली, "मामा, शंभर पानांत ते हेच पान हुकतील. आपल्याकडं हुकलं तसं."

नऊ पाचला मेल गेला. पावणेबाराला मंजुरी आली, दोन लाख चौदा हजार. उरलेले सतरा हजार हातमोजे, नोंदणी फी आणि अशाच न मिळणाऱ्या बाबींचे. ते भावाने भरले.

मी गेटपास घेऊन वर गेले तेव्हा आबा बूट घालून पलंगावर बसले होते. रात्रभर त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मुलगी बाकड्यावरचे कागद पुन्हा पिशवीत भरत होती, पण आता दोन गठ्ठे करून. सातबारा एकीकडे, दवाखाना एकीकडे.

"काय व्हयनं वं माय?" आबांनी विचारलं.

"व्हयनं आबा," ती म्हणाली. "चाला घर."