ईएसपी ८२६६ की ईएसपी ३२? अडलं ते बॅटरीपाशी

गॅलरीतल्या तीन कुंड्यांची माती किती ओली आहे ते फोनवर दिसावं, एवढंच पाहिजे होतं. त्यासाठी वायफायवाला छोटा प्रोग्रामेबल बोर्ड लागतो, आणि जुना ईएसपी ८२६६ की नवा ईएसपी ३२ हे पिनांवरूनच ठरलं, कारण मॉइश्चर सेन्सर अ‍ॅनालॉग असतात आणि जुन्याला अ‍ॅनालॉग इनपुट एकच, A0. पुण्यात तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात, नवा उचलला, प्रोग्राम चालला, फोनवर आकडे आले.

मग बॅटरी. गॅलरीत प्लग नाही, म्हणून चार पेन्सिल सेल लावले, दर अर्ध्या तासाने जागं व्हायचं, रीडिंग पाठवायचं, परत डीप स्लीप. दुकानदार ठामपणे म्हणाला होता, "झोपेत दहा मायक्रोअँप, सेल वर्षभर बघायला नको." आठवड्याभरात सेल बसले! याचा मला अजून राग आहे, कारण तो आकडा नुसत्या चिपचा आहे, बोर्डाचा नाही, आणि हे विकताना कोणी सांगत नाही. सेन्सर काढून, मीटर सेलच्या वायरमध्ये सिरीजला लावून बघितलं तर बोर्ड झोपलेला असतानाही १० मिलीअँपच्या आसपास. चिप झोपते, पण बोर्डावरचा व्होल्टेज उतरवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच ५ मिलीअँपच्या आसपास खातो, वर लाल एलईडी आणि यूएसबीची चिप जागीच. आता हिशोब करा, सेलचे २००० एमएएच भागिले १० म्हणजे २०० तास, आठ दिवस. बरोबर तेवढेच टिकले.

मोजताना एक करा, मीटर मिलीअँप रेंजवर असेल तर बोर्ड जागा होताना मीटरच्या दोन प्रोबमध्ये जाड वायरचा तुकडा धरा आणि झोपल्यावर काढा, नाहीतर वायफाय सुरू होताना करंट २०० मिलीअँपच्या वर उडतो, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होत राहतो.

शेवटी लिथियम सेलचं कनेक्टर आणि कमी खाणारा रेग्युलेटर असलेला ईएसपी ३२ चाच दुसरा बोर्ड घेतला. मीटरवर मायक्रोअँप दिसले तेव्हा काय बरं वाटलं! आता खर्च फक्त जागेपणाचा, ५ सेकंद १०० मिलीअँप दर अर्ध्या तासाला, म्हणजे सरासरी ०.३ मिलीअँपच्या आत. तेवढ्याच २००० एमएएचवर कागदावर नऊ महिने निघतात.

आणि हो, सेन्सर ३२, ३३, ३४ वरच लावा, कारण २५, २६, २७ सारख्या एडीसी-२ च्या पिना वायफाय चालू असताना अ‍ॅनालॉग वाचत नाहीत. सेन्सरचा प्लससुद्धा थेट ३.३ व्होल्टच्या पिनेला नको, एका आउटपुट पिनेवरून द्या आणि झोपायच्या आधी ती लो करा. एकेक सेन्सर ५ मिलीअँप घेतो, तिन्ही कायम चालू राहिले तर वरची सगळी मेहनत वाया.

मेमरीचं म्हणाल तर जुन्या ८२६६ वर साधारण ४० केबी मोकळी राहते, रीडिंग पाठवायच्या साध्या एमक्यूटीटीला पुरते, एचटीटीपीएस आलं की तंगी. एकच सेन्सर आणि जवळ प्लग असेल तर जुनाच घ्या, स्वस्त पडतो.