तालुका वार्ताहराचा हिशेब: बातमी लागल्यावर हातात किती पडतं

वार्ताहराचं ओळखपत्र मिळालं म्हणजे पगार सुरू झाला, असा गावात समज असतो. प्रत्यक्षात जिल्हा दैनिकांचा तालुका वार्ताहर बहुतेक वेळा तीनपैकी एका पद्धतीवर काम करतो. एकात दर महिन्याला ठरावीक मानधन मिळतं आणि ते अनेकदा मोबाइल रिचार्ज व पेट्रोललाही पुरत नाही. दुसऱ्यात छापून आलेल्या मजकुराचं मोजमाप करून पैसे दिले जातात. तिसऱ्यात बातमीचे पैसे शून्य असतात आणि उत्पन्न फक्त जाहिरातीच्या कमिशनचं. ‘आपल्याकडे सगळं मिळून चांगलं मिळतं’ असं कार्यालय म्हणालं, तर मी तिसरी पद्धत समजून चालतो.

काम घेताना मी चार गोष्टी विचारून घेतो आणि त्यांचं उत्तर ई-मेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागतो. पैसे पाठवलेल्या मजकुराचे की लागलेल्या? फोटोचे वेगळे का? पैसे कोणत्या तारखेला जमा होतात? दुसरीकडे लिहायची परवानगी आहे का? पहिल्या प्रश्नावर सगळा हिशेब उभा असतो.

मोजमाप समजून घ्या. वर्तमानपत्राचा एक रकाना साधारण चार सेंटिमीटर रुंद असतो, त्यात एका ओळीत चार-पाच शब्द बसतात आणि एक सेंटिमीटर उंचीत अडीचच्या आसपास ओळी. म्हणजे एका रकाना-सेंटिमीटरला दहा शब्द धरले तर फार चूक होत नाही. मथळा आणि फोटो मोजायचा की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

आता गारपिटीची बातमी घेऊ. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. दुचाकी लिटरला पंचेचाळीस देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ९३ रुपये गेले. मी दोनशे शब्द पाठवतो, डेस्कवर उपसंपादक ते एकशे दहावर आणतो. दर सेंटिमीटरला ३ रुपये असेल, तर अकरा सेंटिमीटरचे ३३ रुपये. दर हिशेबापुरता धरलेला आहे, तुमचा वेगळा असेल. पण दुप्पट धरला तरी पेट्रोल निघत नाही. म्हणून एका फेरीत त्याच भागातल्या दोन-तीन बातम्या हाताशी आल्या पाहिजेत: ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेची गळकी खोली, बंद पडलेली नळपाणी योजना. नुसती एक बातमी आणायला तालुक्याच्या टोकाला जायचं असेल, तर आधी डेस्कला फोन करून जागा आहे का ते विचारा. ‘पाठव, बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही.

बातमी कापली का जाते, हेही पैशांशीच जोडलेलं आहे. गारपिटीत सर्वांत जास्त घोळ आकड्यांचा होतो. पाऊस थांबल्यावर सरपंच सांगतात तो आकडा गावच्या एकूण पिकाचा असतो. तहसील कार्यालयाकडून येतो तो प्राथमिक अंदाज, म्हणजे बाधित क्षेत्र. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामे करतात, त्यानंतर ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेलं क्षेत्र वेगळं निघतं आणि शासकीय मदत त्यावर ठरते. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की शेजारच्या दैनिकाशी ताळा लागत नाही, डेस्क शंका घेतो आणि आकड्याचा परिच्छेदच उडवतो. परिच्छेद उडाला की सेंटिमीटर उडाले. म्हणून मी पहिल्या वाक्यात गाव, पीक आणि कधी झालं ते देतो, दुसऱ्यात ‘तहसील कार्यालयाच्या प्राथमिक अंदाजानुसार’ असं म्हणून आकडा, आणि शेतकऱ्याचं म्हणणं शेवटी. शेपूट कापलं तरी बातमी उभी राहते.

तालुक्या-गावांत जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं शहर आवृत्तीच्या आधी सुटतात. आपल्या पानाची वेळ डेस्ककडूनच विचारून घ्या आणि त्याच्या तासभर आधी मजकूर द्या. उशिरा आलेली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, आणि शिळीचे पैसे कुणी देत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धुरकट येतो. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून द्या. ही ओळ नसेल तर फोटो पडून राहतो.

कमिशनचा हिशेब वेगळा, आणि फसगतही वेगळी. समजा स्थानिक पुढाऱ्याची वाढदिवसाची जाहिरात बारा बाय आठ सेंटिमीटर, म्हणजे ९६ चौरस सेंटिमीटर. दर १०० रुपये धरला तर ९,६०० रुपये, त्यावर छापील जाहिरातीचा ५ टक्के जीएसटी ४८०, एकूण १०,०८०. कमिशन १५ टक्के ठरलं असेल तर ते ९,६०० वर मोजतात, म्हणजे १,४४० रुपये. एका जाहिरातीत चाळीसेक बातम्यांचे पैसे, त्यामुळे वार्ताहर आपोआप जाहिरातीकडे वळतो. पण कमिशन पैसे वसूल झाल्यावरच मिळतं, आणि उधारी थकली की ती तुमच्या नावावर चढते. जाहिरात ‘छापून टाक, नंतर देतो’ म्हणणाऱ्याची मी कधीच घेत नाही. निम्मी रक्कम आगाऊ, तीही धनादेशाने किंवा यूपीआयने थेट दैनिकाच्या खात्यात. निवडणुकीतल्या उधारीबद्दल तर बोलायलाच नको. निकाल लागल्यावर हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो.

दुसरा बारीक प्रश्न असा, की ज्याची जाहिरात घेतली त्याच्याच विरोधातली बातमी कशी द्यायची? मी जाहिरात मागायला जाताना बातमीचा विषय काढत नाही आणि बातमी घेताना जाहिरातीचा. हे पाळलं नाही की दोन्हीकडून पत जाते.

पोर्टलसाठी छोटे लेख लिहिणं हिशेबाने सोपं आहे, कारण भाव शब्दांवर किंवा लेखावर ठरतो. भाव मात्र फार खाली-वर असतो. पाचशे शब्दांच्या लेखाला २०० रुपये सांगणारेही आहेत आणि ५०० सांगणारेही. पाचशे शब्द नीट तपासून लिहायला मला तीन तास लागतात, म्हणून दोनशेचा लेख म्हणजे तासाला सदुसष्ट रुपयेसुद्धा नाहीत. पैसे ‘वाचकसंख्येनुसार’ म्हटले तर ते नाहीच असं समजा, कारण आकडा त्यांच्याच हातात असतो. एकच मजकूर दैनिकाला आणि पोर्टलला जसाच्या तसा देऊ नका. तीच गारपीट लेखात घ्यायची तर पीकविम्याच्या किंवा पंचनाम्याच्या अंगाने नव्याने लिहा.

पैसे मागायची साधी पद्धत म्हणजे वही. तारीख, मथळा, पान क्रमांक, सेंटिमीटर आणि फोटो असे पाच रकाने. रोज सकाळी अंक आला की पट्टीने मोजून लिहायचं आणि कात्रणाचा फोटो महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ई-पेपरवर विसंबू नका, जुने अंक पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत अशी वेळ येते. महिना संपला की तिसऱ्या तारखेच्या आत या वहीवरून बिल पाठवायचं, पॅन आणि बँक खात्यासह. पॅन दिला नाही तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. पॅन असताना व्यावसायिक मानधनावर तो १० टक्के असतो आणि एप्रिल २०२५ पासून एका संस्थेकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या पुढे गेल्यावर लागतो. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसली नाही, तर संस्थेने ती तुमच्या पॅनवर भरलेली किंवा नोंदवलेली नसण्याची शक्यता असते. तेव्हा लेखा विभागाला चलनाची प्रत मागा. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळतात.