तुम्ही विचारलंत म्हणून : ७ लाख ६४ हजारांचा हिशोब

"प्लास्टिकच्या दाण्याचं बजेट ५५ लाख, खर्च ६२ लाख ६४ हजार. उत्पादन वाढलं म्हणून, एवढं सरळ लिहायला काय हरकत आहे?"

हरकत एवढीच, की ते अर्धवट खरं आहे. पूर्वी शेऱ्याच्या रकान्यात मीही तेच लिहायचो, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीटिंग लवकर संपायची.

बजेट १ लाख नगांचं होतं: नगाला अर्धा किलो दाणा, भाव ११० रुपये. नग झाले १ लाख १२ हजार. म्हणजे तुलना ५५ लाखांशी करायचीच नाही. एवढ्या नगांना ५६ हजार किलो लागायला हवा होता, त्याचे ६१ लाख ६० हजार. वाढलेल्या उत्पादनाचा वाटा ६ लाख ६० हजार, तिथे वाद नाही.

वाद उरलेल्या १ लाख ४ हजारांचा. आकडा छोटा दिसतो, कारण त्यात दोन आकडे एकमेकांना झाकतात. दाणा वापरला ५८ हजार किलो: २ हजार जास्त, म्हणजे २ लाख २० हजारांचा तोटा. पण भाव पडला १०८, तिथे १ लाख १६ हजार वाचले.

मी हे दोन आकडे शेजारी मांडले आणि तिथेच फसलो. परचेसवाल्यांचं कौतुक झालं, प्रॉडक्शन मॅनेजरना उभं केलं गेलं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, स्वस्त दाणा कोणी आणला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वापर म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक आवक वजा शेवटचा साठा, आणि शेवटचा साठा मी स्टोअरच्या कागदावरून घेतला होता. दुसऱ्या दिवशी शॉप फ्लोअरवर गेलो, तर ग्राइंडरपाशी ७०० किलो रीग्राइंडच्या, म्हणजे खराब माल दळून पुन्हा वापरायच्या दाण्याच्या, गोण्या पडलेल्या. वजन करून स्टोअरला परत नोंदवलेल्याच नव्हत्या. खरा जादा वापर १,३०० किलो, म्हणजे १ लाख ४३ हजार. (रीग्राइंडला नव्या दाण्याचा भाव मिळत नाही, त्यामुळे हाही आकडा थोडा कमीच आहे, हे मला मान्य.)

मग शिफ्टच्या रजिस्टरमधलं रिजेक्शन लॉटनुसार लावलं. बहुतेक खराब नग नव्या, स्वस्त लॉटचे. म्हणजे बचत १ लाख १६ हजार आणि तिच्यापायी नुकसान त्याहून जास्त? मी तसं लिहिलंही. परचेसचं म्हणणं, त्याच आठवड्यात मोल्डचं कूलिंग बिघडलं होतं. मेंटेनन्सच्या नोंदीत ते खरंच आहे. जुन्या दाण्यावर त्या आठवड्यात मशिन चाललंच नाही, त्यामुळे दोन्ही कारणं वेगळी काढायला माझ्याकडे काही नाही.

१ लाख ४३ हजार कोणाच्या नावावर, ते अजून ठरलेलं नाही. पण 'उत्पादन वाढलं' हे त्याचं उत्तर नाही.