फिटनेस का नाकारला गेला: अधिवृक्क ग्रंथीवरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधीचे सोळा दिवस

माझ्या डाव्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत साडेचार सेंटीमीटरची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होती. ही गाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके मनाला येईल तेव्हा रक्तात सोडते, आणि त्यामुळे अचानक डोके ठणकणे, दरदरून घाम येणे व छाती धडधडणे असे झटके येतात. निदान याच संप्रेरकांपासून बनणाऱ्या मेटानेफ्रिन या द्रव्याच्या तपासणीने आणि सीटी स्कॅनने झाले व त्यात विशेष अडचण आली नाही. अडचण आली ती पुढे, नागपुरातील ज्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया व्हायची होती तेथील भूल-पूर्व तपासणीत, आणि तिचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

मे महिना होता. प्राझोसिनच्या १ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, अशा दहा दिवस घेऊन मी ठरलेल्या दिवशी दाखल होण्यासाठी गेले. तपासणीत बसून रक्तदाब १५६/९४ आला आणि उभे राहून १५२/९४. खिडकीवरच्या माणसाने कागद परत देत एवढेच सांगितले की फिटनेस, म्हणजे भूल देण्यास योग्य असल्याचा शेरा, मिळालेला नाही, पुढची तारीख घ्या. कारण कागदावर लिहिलेले नव्हते. माझे पती त्याला म्हणाले, "अहो, दहा दिवसांची गोळी पूर्ण झाली आहे, मग राहिले काय?" त्याला ते ठाऊक नव्हते. आम्ही तीन तास बाकावर बसून राहिलो आणि शेवटी भूलतज्ज्ञ मॅडमना प्रत्यक्ष भेटलो. पुढचे सगळे मला त्यांच्याकडून कळले, आणि ते पहिल्याच दिवशी कळायला हवे होते.

त्यांनी समजावले ते असे. या संप्रेरकांमुळे माझ्या रक्तवाहिन्या महिनोन्महिने आवळलेल्या होत्या, आणि आवळलेल्या वाहिन्यांत मावेल इतकेच रक्त शरीराने ठेवले होते. अल्फा ब्लॉकर प्रकारातली प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करते. परंतु सैल झालेली जागा पाणी आणि मीठ यांनी भरली नाही, तर गाठ काढल्यानंतर रक्तदाब सावरायला शरीराजवळ काहीच उरत नाही. औषध पुरेसे लागू पडले आहे हे दिवस मोजून ठरत नाही. बसून रक्तदाब १३०/८० च्या खाली यावा, उभे राहिल्यावर तो आणखी थोडा उतरावा, पण वरचा आकडा ९० च्या खाली जाऊ नये, ही खरी खूण. माझा रक्तदाब उभे राहूनही जवळजवळ उतरत नव्हता, म्हणजे वाहिन्या अजून आवळलेल्याच होत्या. शिवाय माझे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ४७ टक्के होता. रक्तातील पाणी कमी असल्याचे ते लक्षण होते.

मग त्यांनी विचारले, "मीठ किती खाता?" मी पिशवीतून त्याच रुग्णालयाने दिलेला आहाराचा छापील कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला देतात तोच तो कागद. त्यावर पहिलीच ओळ होती, मीठ कमी करावे. दहा दिवस मी अळणी वरण-भात खाल्ला होता आणि नागपूरच्या त्या उन्हात घामावाटे होते नव्हते तेवढे मीठही गमावले होते. एका हाताने वाहिन्या सैल करायच्या आणि दुसऱ्या हाताने त्या भरू द्यायच्या नाहीत, असा तो प्रकार होता. मॅडमनी कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहून दिले: मीठ भरपूर, पाणी रोज अडीच ते तीन लिटर. माझे हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असल्यामुळेच ही मुभा आहे, हेही त्यांनी सांगितले.

पुढचे सोळा दिवस घरी गेले. गोळीची मात्रा दर दोन-तीन दिवसांनी वाढत ३ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, इथवर गेली. वाढीव मात्रा पहिल्यांदा रात्री, अंथरुणावर पडल्यावरच घ्यायची, कारण त्यानंतर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. पतींनी वही केली: पाच मिनिटे बसून एक नोंद, उभे राहून एका मिनिटाने दुसरी, तिसऱ्या मिनिटाला तिसरी. सासूबाई मिठाच्या ताकाचा पेला पाहून रोज म्हणत, "सूनबाई, बीपीच्या माणसाने असे मीठ खाऊ नये गं," आणि त्यांना समजावण्यात माझी बरीच शक्ती गेली.

पाचव्या दिवसापासून नाडी ११० च्या आसपास राहू लागली. धडधड थांबवणारी गोळी द्या, असा मी फोनवर हट्ट धरला. मला त्या वेळी अजिबात धीर नव्हता. मॅडमनी चार दिवस नकार दिला. ती गोळी बीटा ब्लॉकर असते, आणि अल्फा ब्लॉकर पुरेसा लागू होण्याआधी ती दिली तर वाहिन्यांना सैल ठेवणारी उरलीसुरली वाटही बंद होऊन रक्तदाब भयंकर चढू शकतो. नवव्या दिवशी त्यांनी मेटोप्रोलॉल सुरू केली.

याच काळात नाक चोंदू लागले. ती औषध लागू पडल्याची खूण असते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते: चोंदलेल्या नाकासाठी दुकानातून सर्दीची गोळी आणू नका. तिच्यातील फिनाइलएफ्रिनसारखे घटक वाहिन्या पुन्हा आवळतात. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शनही या गाठीत झटका आणू शकते, म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी गाठीचे नाव आधी सांगा.

सोळाव्या दिवशी बसून १२४/७८, उभे राहून १०४/६८, नाडी ७६ आणि हिमॅटोक्रिट ४१. फिटनेस मिळाला.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. भूल देण्याआधीच मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली, कारण दंडावरचा पट्टा काही मिनिटांनी एकदा मोजतो आणि येथे प्रत्येक ठोक्याचा दाब दिसावा लागतो. पुढचे मला नंतर मॅडमनी भूलेचा तक्ता दाखवून सांगितले. श्वासनलिकेत नळी घालताना वरचा आकडा १५० झाला, पोटात वायू भरताना १७०, आणि गाठीला प्रत्यक्ष हात लागताच २१२. त्या क्षणी त्यांनी शल्यचिकित्सकांना हात थांबवायला सांगितले, आधीच जोडून ठेवलेले, रक्तदाब झटकन उतरवणारे नायट्रोप्रसाइड वाढवले आणि मॅग्नेशियम दिले. दोन मिनिटांत आकडा १४० वर आला. नायट्रोप्रसाइड यासाठी, की ते बंद केल्यावर त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. गाठीची शीर बांधण्याआधी शल्यचिकित्सकांनी तसे मोठ्याने सांगितले, तेव्हा ते बंद करून सलाइनचा वेग वाढवला गेला. शीर बांधताच संप्रेरकांचा पुरवठा तुटतो आणि तोवर दिलेली औषधे मात्र अंगात असतात; माझा आकडा ८४ वर उतरला. पुरेसे पाणी आधीच भरलेले असल्यामुळे तो तिथेच थांबला, असे मॅडमचे म्हणणे. काही तास नॉरअ‍ॅड्रिनलिनची ठिबक द्यावी लागली. जे संप्रेरक गाठ बेसुमार सोडत होती, तेच आता मोजून द्यावे लागले.

त्या तक्त्यावरची ८४ ची खूण पाहताना मला तो अळणी दहा दिवसांचा कागद आठवला आणि हात थंड पडले. पहिल्या तारखेला फिटनेस मिळाला असता, तर ती रेघ कुठवर खाली गेली असती हे मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला परत पाठवले होते."

रात्री अतिदक्षता विभागात दर तासाला साखर तपासत होते, तेव्हा मी झोपमोडीमुळे चिडले होते. पहाटे साखर ६२ आली आणि ग्लुकोज द्यावे लागले. गाठ इन्सुलिनला दाबून ठेवत असते. तो दाब उठल्यावर इन्सुलिन एकदम सुटते आणि भुलेच्या गुंगीत साखर उतरल्याची लक्षणे कळत नाहीत. पाचव्या दिवशी मी घरी आले. महिन्याने मेटानेफ्रिनची तपासणी सामान्य आली; ती आता दरवर्षी करायची आहे.