तुम्ही विचारलंत म्हणून: माझी सही

"रिडेव्हलपमेंटच्या सभेत समजावून सांगायला तुम्हीच उभे होता, मग संमतीपत्रावर तुमचीच सही का नाही हो?"

जिन्यात, भाजीच्या गाड्यावर, परवा तर लग्नाच्या पंगतीत विचारलं मला हे. बिल्डरकडनं काय मिळालं नाही म्हणून अडलोय असंही कुणीतरी म्हणालं म्हणे, म्हणू देत.

मी उभा राहिलो कारण ऑफर लेटर वाचायला कुणी तयार नव्हतं. बिल्डर मधेच पळाला तर, ही पहिली भीती. त्याला माझ्याकडं उत्तर होतं आणि आजही तेच आहे, की सरकारच्या 2019 च्या नियमावलीत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितलीय, ती हातात आल्याशिवाय आणि बांधकाम परवानगीचा कागद बघितल्याशिवाय किल्ल्या द्यायच्या नाहीत. 20 टक्क्यात अख्खी बिल्डिंग उभी राहत नाही हे मात्र मी तेव्हा बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

मग आली जागा. पत्रात होतं, आत्ताचा कार्पेट 480, नवीन 600 रेरा कार्पेट. मी फुशारकीनं म्हणालो, 120 फूट जास्त, सरळ 25 टक्के, अजून काय पाहिजे? लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या गप्प. विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, गुडघे धरत खाली आलेल्या. पिशवीतनं शिवणाचा टेप काढला आणि म्हणाल्या, "माझी खोली मी भिंतीपासनं भिंतीपर्यंत मोजलीय. तुमच्या सहाशेत भिंती धरल्यात का?"

मी म्हणालो, नाही, कार्पेट म्हणजे सतरंजी अंथरता येईल तेवढीच जागा. चुकलो. रेराच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. आमच्यातल्याच एका आर्किटेक्ट पोरानं मागनं हळूच सांगितलं तेव्हा कळलं. नकाशावर हिशोब केला, नवीन घरात आतल्या भिंतीच साधारण 25 फूट. म्हणजे वापरायला 575. जुनं माप भिंती सोडून, नवीन माप भिंती धरून, आणि मी दोन्ही वजा करून 120 सांगत बसलो, खरी वाढ 95.

काकू म्हणाल्या, "भिंतीत झोपू का मी?" सगळे हसले. मी पण हसलो, पण कान गरम झालेले.

आता तुम्ही म्हणाल 95 फूट काय कमीयेत? नाहीत कमी, मान्य. बिल्डरनं फसवलं असंही नाही, रेरा हा शब्द पत्रात होता की, मीच त्याचा अर्थ न बघता वाचला. पण माझ्या आवाजावर विश्वास ठेवून ज्यांनी त्या रात्री सह्या केल्या त्यांचं काय? दोन्ही मापं एकाच पद्धतीनं, फ्लॅटवार लिहून द्या असं पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही.

काकूंनी सही केली, गेल्या आठवड्यात. "लिफ्ट तर येईल," म्हणाल्या. माझा कागद अजून फ्रिजवर आहे.