नाव वर्षा आणि ओळख कूलरची: क्लासच्या पहिल्या दिवसाचा माझा अनुभव

दोन वर्षांआधी नागपुरात बर्डीवर टॅलीचा क्लास लावला होता, आधी त्या दिवसाचं सांगते. सरांनी सगळ्यांना एकेक करून उभं केलं, ओळख करून द्या म्हणाले. माझा नंबर आला तशी मी उठले आणि एका दमात नाव, माहेर, सासर, बीकॉम, गांधीबागेत कापडाच्या दुकानात हिशेब पाहते, दोन मुलं, छंद वाचन आणि गाणी ऐकणं, थँक यू. बसले. कुठं अडखळले नाही म्हणून मनातल्या मनात खूशसुद्धा झाले. क्लास दोन महिने चालला, शेवटच्या दिवशी सगळे मिळून तर्री पोहा खायला गेलो तर रोज माझ्या बाजूला बसणारी पोरगी मला म्हणते, "ताई, तुम्ही बँकेत आहात नं?"

बँक! मी तर बँकेचं नावही काढलं नव्हतं. बँकेवाल्या ताई वेगळ्याच होत्या, तिसऱ्या बाकावरच्या. बरं तिला तरी काय बोलू, तिनं काय सांगितलं होतं हे मला कुठं आठवत होतं, नाव सुद्धा वहीवर पाहून कळलं होतं.

या एप्रिलमध्ये धरमपेठेत शनिवार-रविवारचा जीएसटीचा क्लास लावला, बावीस जणांची बॅच. पहिल्या दिवशी ओळखपरेड होणार हे माहीत होतं, म्हणून यावेळी आदल्या आठवड्यातच जुन्या बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून काढलं आणि फोनवर स्टॉपवॉच लावून घरी वाचलं. एक मिनिट दहा सेकंद! बावीस जण तेवढंच बोलले तर पंचवीस मिनिटं तिथंच गेली. मुलगा जेवता जेवता म्हणतो, "आई, तू बायोडेटा वाचून राहिली का?"

तर मग खोडायला घेतलं. माहेर-सासर गेलं, बीकॉम गेलं (तिथं कोण बीकॉम नव्हतं बाप्पा), मुलं गेली, वाचन आणि गाणी तर पहिल्यांदा गेली. राहिलं काय, नाव आणि दुकान. आता यात लोकांनी लक्षात ठेवावं असं एक काहीतरी टाकायचं, आणि खरं डोकं इथंच लागलं.

पहिल्यांदा जे सुचलं ते मला फार आवडलं होतं. "दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मी घरात कोणाशी बोलत नाही." जीएसटीवाल्यांना लगेच कळतं, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही रिटर्न भरायची शेवटची तारीख असते, महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्यांचा त्या दिवशी जीव वर-खाली होत असतो. हसू शंभर टक्के येणार. नवऱ्याला ऐकवलं, तो हसला पण, आणि मग म्हणाला, "अगं पण त्या वर्गात ११ तारखेला कोण बोलतं घरात?" बरोबर होतं त्याचं. ती माझी गोष्ट नव्हतीच, सगळ्या वर्गाची होती. हसतील आणि कोणी सांगितलं ते विसरतील. दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये, समजा सोसायटीच्या मीटिंगमध्ये, हीच गोष्ट चालली असती, म्हणजे गोष्ट चांगली की वाईट हे समोर कोण बसलं आहे त्यावर आहे. नागपुरात "मला तर्री पोहा आवडतो" म्हणून ओळख करून देण्यासारखंच ते.

मग वाटलं शाळेत निबंधात जिल्ह्यात पहिली आले होते ते सांगावं. ते तोंडानं म्हणून पाहिलं आणि स्वतःलाच कसंतरी झालं. कारण त्यावर समोरचा काय म्हणणार, "अरे वा", आणि संपलं. पुढचा प्रश्नच नाही त्याच्यात. तेव्हा मी एक कसोटी ठरवली, गोष्ट सांगितल्यावर चहाच्या सुट्टीत कोणी येऊन त्यावर काही विचारेल का? विचारणार नसेल तर ती काढून टाकायची.

कूलरचं अचानक निघालं. आमच्याकडं होळीनंतर कूलर उतरवून, नवं गवत भरून लावला होता, रात्री जेवताना त्याचा आवाज बदलला आणि मी ताटावरूनच म्हणाले, पाणी संपलं, टाका. मुलगा उठून पाहून आला, खरंच तळाशी होतं. मग म्हणाला, "हे सांग नं आई तिथं." मला त्यात विशेष काही वाटतच नव्हतं. बाबांचं महालात कूलर दुरुस्तीचं दुकान होतं, लहानपणी उन्हाळाभर तिथंच पसारा आणि तिथंच अभ्यास, त्यामुळं ते आवाज कानात बसलेत. पाणी नीट असलं की पंपाचा आवाज दबलेला असतो आणि गवतावरून पाणी उतरायची सळसळ येते. पाणी खाली गेलं की पंप हवा ओढतो, आधी गुळगुळ होतं आणि मग कोरडा चिरका आवाज. क्षार साचून जाम झाला असला तर नुसतं जाड घूं घूं, आणि सळसळ गायब. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, घराघरात कूलर, म्हणजे विषय प्रत्येकाचा आणि हा कान माझा. अकरा तारखेच्या गोष्टीत नेमकी ही दुसरी अर्धी बाजू नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी सायकॉलॉजीत एमए करून राहिली, तिला जिन्यात सहज हे सांगितलं तर ती तिथंच पायरीवर बसली. म्हणाली काकू, गोष्ट लक्षात राहील पण नाव राहणार नाही. तिनं १९८७ च्या एका इंग्लंडमधल्या प्रयोगाबद्दल सांगितलं, लोकांना अनोळखी चेहरे दाखवून कोणाचं आडनाव सांगितलं आणि कोणाचा धंदा, शब्द तोच, म्हणजे आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर एकदा "हे सुतार" हे आडनाव म्हणून आणि एकदा "हे सुतारकाम करतात" असं. धंदा जास्त लोकांना आठवला, तोच शब्द नाव म्हणून सांगितला की निसटला. कारण सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं काय काय डोक्यात येतं, आणि आडनावाला धरायला काहीच नसतं. तेव्हा नाव कशाला तरी बांधा म्हणाली.

बांधायला फार लांब जावं लागलं नाही, नावच वर्षा आहे. शेवटी हे झालं:

"नमस्कार, मी वर्षा. गांधीबागेत कापडाच्या दुकानात हिशेब पाहते. बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं नुसता आवाज ऐकून मी सांगते की कूलरचं पाणी संपलं की पंप जाम झाला. म्हणजे नाव वर्षा आणि घरचा धंदाही पाणी पाडायचाच. मी वर्षा."

सावकाश म्हटलं तर पंचवीस सेकंदाच्या आत बसतं. नाव दोनदा आहे ते मुद्दाम. आपण उभं राहिलो की पहिले काही सेकंद खुर्ची सरकते, कोणी वळून पाहतं, कोणी पेन शोधतं, आणि आपलं नाव नेमकं तेव्हाच जाऊन चुकतं. आणि नाव म्हणून झाल्यावर एक श्वास थांबायचं, हे मला सगळ्यात जड गेलं. घरी चार वेळा म्हटलं, पाठ मात्र केलं नाही, कारण पाठ केलेलं एक शब्द विसरला की पूर्णच अडकतं. फक्त क्रम डोक्यात ठेवला, नाव, दुकान, कूलर, पाणी, नाव.

आता तो दिवस. मी दुसऱ्या रांगेत, नंबर नववा. सातवे आणि आठवे काय बोलले ते मला अजूनही सांगता येणार नाही. कान होते पण मी आतमध्ये नाव-दुकान-कूलर म्हणत होते. हेही त्या मुलीनं आधीच सांगितलं होतं, ब्रेनर नावाच्या माणसानं १९७३ साली हे दाखवून ठेवलं आहे, आपली पाळी यायच्या जरा आधी जे बोललं जातं ते आपल्याला सगळ्यात कमी आठवतं. त्याची दुसरी बाजू मला तिथं बसल्या बसल्या सुचली, की मग माझ्यानंतर जो बोलणार आहे तोही माझं ऐकत नाही आहे! माझ्यानंतर हिंगण्याचे एक भाऊ होते, कागदाची घडी उलगडत बसलेले. ते बोलून खाली बसले तेव्हा हळूच म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव ऐकलं मी, माझं वर्षा." ते एवढे मोकळे हसले, म्हणाले, "ताई, खरं सांगू का, मी काही ऐकलंच नव्हतं."

माझं बोलणं कसं झालं? बरं झालं. "पाणी पाडायचाच" वर हसू आलं, पण ते हसू मला अपेक्षित नव्हतं तेवढं लांबलं आणि शेवटचं "मी वर्षा" त्यात बुडालं. तिथं थांबायला पाहिजे होतं, हसू ओसरू द्यायचं आणि मग नाव घ्यायचं. मी घाईत म्हणून मोकळी झाले आणि बसले.

चहाच्या सुट्टीत चार जण आले, चौघंही कूलरबद्दलच. एका काकूंचा कूलर खोलीत दमटपणा करून राहिला होता (खिडकी उघडी ठेवा म्हटलं, कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते). पुढच्या शनिवारी मी दारातून आत येते तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून, फोन हातात घेऊन, अगदी खात्रीनं म्हणतो, "मेघाताई, एक मिनिट!"

मेघा. म्हणजे पाऊस पोरानं बरोबर धरून ठेवला होता, फक्त नाव दुसऱ्याच ढगातून आणलं. मी सांगितलं वर्षा, तो जीभ चावून सॉरी म्हणाला आणि फोन माझ्या कानाला लावला. घरचा कूलर रेकॉर्ड करून आणला होता, अर्ध्या मिनिटाचा. जाड घूं घूं, सळसळ काहीच नाही.

"पाणी आहे टाकीत?" मी विचारलं.

"काठोकाठ."

"मग पंप जाम आहे. प्लग काढ, पंप बाहेर घे, जाळी काढून आतला पंखा बोटानं फिरव, क्षार दिसेल पांढरा."

रविवारी सकाळी तो लांबूनच अंगठा दाखवत आला. "फिरला, वर्षाताई."