आठच रोल लागले, पण कसे

टिळकवाडीतलं काम. फोनवर मालक म्हणाले, वॉलपेपरचे रोल आणून ठेवलेत, तू फक्त येऊन चिकटव. असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण रोल दुकानदाराने मोजून दिलेले असतात आणि दुकानदार भिंत बघत नाही, स्क्वेअर फूट बघतो.

खोली १४ बाय ११. एका भिंतीला दार आणि बाकी सगळं वॉर्डरोब, तिथं पेपर नाही. म्हणजे तीन भिंती, ३९ फूट. उंची स्कर्टिंगच्या वर १० फूट ४ इंच. दुकानात हिशोब झालेला असा: ३९ गुणिले उंची, म्हणजे साधारण ४०३ स्क्वेअर फूट, त्यातून खिडकीचे २० गेले, एक रोल ५७ चा, भागिले की सात, आणि वर एक वेस्टेजला. आठ. साधा पेपर असता तर आठात काम झालंच असतं, म्हणूनच तर हे लोक वर्षानुवर्षं असाच भाग लावत बसतात.

पण पेपर मोठ्या फुलांचा. लेबलवर ६४ / ० लिहिलेलं, म्हणजे दर ६४ सेंटीमीटरला फूल परत येतं आणि शेजारच्या पट्टीला ते सरळ समोर जुळवायचं. माझा हिशोब पट्ट्यांचा. रोलची रुंदी ५३ सेंटीमीटर, तीन भिंती म्हणजे ११.८९ मीटर, भागून साडेबावीसच्या आसपास, म्हणजे २३ पट्ट्या. आता एका रोलमधून किती निघतात? रोल १०.०५ मीटर. भिंत ३.१५, वर खाली पाच पाच सेंटीमीटर कापायला धरले की ३.२५. साध्या पेपरच्या तीन पट्ट्या आरामात. पण फूल जुळवायचं तर प्रत्येक पट्टी पूर्ण फुलांच्या मापात कापावी लागते, पाच फुलं म्हणजे ३.२०, पुरत नाही, सहा म्हणजे ३.८४. मग एका रोलमध्ये दोनच पट्ट्या आणि जवळजवळ अडीच मीटर तुकडा हातात! २३ पट्ट्यांना १२ रोल. खिडकीच्या वरखालचं त्या तुकड्यांतून काढलं तरी ११.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "आठाचे बारा कसे सांगालास रे? दुकानदार काय खुळा आहे होय?" त्यांच्यासमोर रोल उलगडून फुलं मोजून दाखवली. दुकानाला फोन लावला, तर त्या बॅचचे रोल संपलेले, दुसऱ्या बॅचचे मिळतील म्हणे. बॅच वेगळी की शेड थोडी तरी हलतेच, हातात धरून कळत नाही आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावली की दिवा लावल्यावर उभी रेघ दिसते. ते मी लावत नाही, पैसे दिले तरी नाही.

सगळं अडलेलं पाच सेंटीमीटरला. कापायला जागा न ठेवता ३.२० मध्ये बसवूया म्हणावं, तर मी उंची एका जागी न मोजता कोपऱ्याकोपऱ्यात मोजली होती आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात ३.१९ भरली, स्लॅबच सरळ नाही. एक सेंटीमीटरवर कोण काम करणार?

मग पेपर वाढवण्यापेक्षा भिंत कमी करायची. सुतारमिस्त्रीला बोलावून छताखाली तीन इंची लाकडी पट्टी मारून घेतली, सिलिंगचाच पांढरा रंग दिला. सगळ्यात उंच जागी भिंत आता ३.१२ च्या आत आली, पाच फुलांची ३.२० ची पट्टी बसली, वर खाली कापायला जागा राहिली आणि वाकडा स्लॅब पण झाकला गेला. एका रोलमधून तीन पट्ट्या, आठातून २४, लागणार २३. रोलची सुरुवात बरेचदा फुलाच्या अर्ध्यात असते, तेवढं कापून टाकावं लागतं, आणि तिसऱ्या पट्टीनंतर उरतो तो फक्त ४५ सेंटीमीटरचा तुकडा, त्यामुळे धाकधूक होतीच. एका रोलने दगा दिला, त्यातून दोनच निघाल्या. बरोबर २३ झाल्या, एकही जादा नाही, कापताना बायको फोन करत होती तो पण उचलला नाही.

काम छान दिसतंय, फुलं भिंतभर एका ओळीत. पण मालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की मी आपल्या सुताराला काम मिळावं म्हणून पट्टी काढली. चार रोलचे पैसे आणि सुताराची मजुरी मांडून दाखवावी असं अजून वाटतं, पण जे रोल घेतलेच नाहीत त्याचं बिल दाखवू कुठलं? पाहुणे आले की ते सांगतात, हा बारा म्हणत होता, आठच लागले बघा. दुकानदाराला पण तेच सांगितलंय, आणि तो आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला ५७ ने भागून देताना हेच घर दाखवतो.